वणव्याचा नकाशा: दोन उपग्रहचित्रांतील वजाबाकी

वणव्यात जळालेले जंगल उपग्रहाच्या साध्या रंगीत चित्रात काळपट दिसते. मात्र डोंगराची सावली, तलावाचे पाणी आणि ओली काळी जमीनही तशीच काळपट दिसते, त्यामुळे नुसत्या काळेपणावरून जळीत क्षेत्र मोजले तर आकडा फसवा निघतो. म्हणून मोजणी डोळ्यांना न दिसणाऱ्या दोन प्रकाशपट्ट्यांवर केली जाते. पहिला पट्टा निकट अवरक्त प्रकाशाचा. हिरव्या पानाच्या आतली पेशींची रचना हा प्रकाश मोठ्या प्रमाणावर परावर्तित करते. दुसरा पट्टा सुमारे २.२ मायक्रॉन तरंगलांबीच्या लघुतरंग अवरक्त प्रकाशाचा. पानातले पाणी तो शोषून घेते. त्यामुळे भरल्या जंगलात पहिला पट्टा उजळ आणि दुसरा मंद असतो. आगीत पाने जातात, ओलावा जातो, कोळसा आणि कोरडी माती उघडी पडते. मग पहिला पट्टा मंदावतो आणि दुसरा उजळतो. एकाच वेळी दोन पट्टे उलट दिशांनी सरकतात, आणि नॉर्मलाइज्ड बर्न रेशो म्हणजे जळीत गुणोत्तर नेमके हेच सरकणे एका आकड्यात पकडते.

```
NBR = (NIR - SWIR) / (NIR + SWIR)
dNBR = NBR (आधी) - NBR (नंतर)
```

सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांच्या चित्रांत यासाठी B8A आणि B12 हे पट्टे वापरतात. दोन्हींत जमिनीवरचा २० मीटर बाय २० मीटरचा तुकडा हा एक चित्रबिंदू असतो, म्हणजे एका हेक्टरात २५ बिंदू. अमेरिकेच्या लँडसॅट-८ मध्ये हेच काम पाचवा आणि सातवा पट्टा करतात. तिथे बिंदू ३० मीटरचा. वणव्याआधीचे एक आणि नंतरचे एक अशी दोन चित्रे घेऊन प्रत्येक बिंदूचे गुणोत्तर काढायचे आणि आधीच्यातून नंतरचे वजा करायचे. बाकी जितकी मोठी, तितका बदल मोठा.

या वजाबाकीला मापाचे रूप अमेरिकेत कार्ल की आणि नेट बेन्सन यांनी दिले. त्यांच्या २००६ मधील मांडणीत बाकी ०.१० पेक्षा कमी असेल तर जंगल जळालेले नाही असे धरतात. त्यापुढे ०.२७ पर्यंत सौम्य, ०.४४ पर्यंत मध्यमाची खालची पायरी, ०.६६ पर्यंत वरची पायरी आणि त्याहून अधिक म्हणजे तीव्र जळीत. हे उंबरठे जगभर जसेच्या तसे उचलले जातात. भारतातल्या पानझडी जंगलात मात्र तिथेच घोटाळा सुरू होतो.

कर्नाटकातील बंदीपूर व्याघ्र प्रकल्पात फेब्रुवारी २०१९ मध्ये मोठा वणवा पेटला. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने उपग्रहचित्रांवरून जळीत क्षेत्र सुमारे ४,४०० हेक्टर असल्याचे सांगितले. सेंटिनेलच्या मापात हे जवळपास १ लाख १० हजार बिंदू होतात. बंदीपूरचे बरेचसे जंगल शुष्क पानझडी आहे, त्यात घाणेरीची दाट झुडपे माजलेली. अशा जंगलात डिसेंबरात पाने असतात आणि फेब्रुवारीत ती झडलेली असतात. उपग्रहाला पाने आगीने गेली की ऋतूने, हे कळत नाही. त्याला फक्त ती गेली एवढेच दिसते.

अशा जंगलात सापडतील अशा बेताचे आकडे उदाहरणादाखल घेतले तर फरक स्पष्ट होतो. डिसेंबरात एका बिंदूचे निकट अवरक्त परावर्तन ०.३० आणि लघुतरंग परावर्तन ०.१२ आहे. गुणोत्तर येते ०.४३. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत पानगळ होऊन हेच आकडे ०.२४ आणि ०.१७ झाले, गुणोत्तर ०.१७. नंतर आग लागली आणि आकडे ०.१४ व ०.२० वर आले. गुणोत्तर उणे ०.१८. आता डिसेंबरचे चित्र ‘आधीचे’ म्हणून घेतले तर या बिंदूची बाकी ०.६१ येते. शेजारचा बिंदू मात्र जळालाच नाही, त्याची फक्त पाने गळाली. त्याचीही बाकी ०.२६ येते आणि नकाशावर तो ‘सौम्य जळीत’ म्हणून रंगतो. अशा बिंदूंची भर पडत गेली की हजारो हेक्टर न जळालेले जंगल हिशेबात जळते.

उपाय म्हणून आधीचे चित्र वणव्याच्या आदल्या आठवड्यातले घ्यायचे. दोन सेंटिनेल उपग्रह मिळून एका जागेवरून दर पाच दिवसांनी जातात आणि फेब्रुवारीत आकाश सहसा निरभ्र असते, त्यामुळे असे चित्र बहुधा मिळते. मग न जळालेल्या बिंदूची बाकी शून्याच्या आसपास राहते. पण जळालेल्या बिंदूची बाकीही ०.६१ वरून ०.३५ वर उतरते आणि तोच बिंदू एक पायरी खाली सरकतो. आग तीच, झालेले नुकसान तेच. बदलली ती फक्त तुलनेची तारीख. म्हणूनच सदाहरित सूचिपर्णी जंगलांवर घडवलेले उंबरठे साग, ऐन, तेंदूच्या जंगलाला डोळे झाकून लावू नयेत. विदर्भातल्या सागवनांनाही हेच लागू आहे, कारण तिथली पानगळ आणि वणव्याचा हंगाम एकमेकांत मिसळलेले असतात. आधीच्या हिरवळीचा हा परिणाम कमी करण्यासाठी मिलर आणि थोड यांनी २००७ मध्ये सुचवलेले सापेक्ष माप वापरता येते. त्यात बाकीला आधीच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाने भागतात. वरच्या उदाहरणात ते डिसेंबरच्या चित्राने ०.९३ आणि फेब्रुवारीच्या चित्राने ०.८५ येते, दोन्ही उत्तरे बरीच जवळ आली.

नंतरचे चित्रही फार लांबवून चालत नाही. राख वाऱ्याने उडते, मार्च-एप्रिलच्या वळवाच्या सरींनी पालवी फुटते आणि हलके जळालेले भाग काही आठवड्यांत पुसट होतात. उलट आग धुमसत असताना घेतलेल्या चित्रात पुढे जळणारा भाग सुटतो. लघुतरंग प्रकाश विरळ धुरातून बराच पार जातो, निकट अवरक्त तितका जात नाही; त्यामुळे धुराखालचे गुणोत्तर बिघडते.

नकाशा अंतिम करण्याआधी ढग, त्यांच्या सावल्या आणि पाणी वगळावे लागते. पाण्यात दोन्ही पट्टे जवळपास शून्य असल्याने गुणोत्तर कसेही उड्या मारते. जंगलाच्या कडेची कापणी झालेली शेतेही जळीतासारखी दिसतात. मग आसपासच्या निश्चित न जळालेल्या जंगलातील सरासरी बाकी मोजावी; ती ०.०५ आली तर तेवढी सगळ्या नकाशातून वजा करावी. उष्णता टिपणाऱ्या मोडिस आणि व्हिर्स उपकरणांनी त्या दिवसांत नोंदवलेले आगीचे ठिपके नकाशावर ठेवले की संशयास्पद पट्टे लगेच उघडे पडतात. ज्या मोठ्या ‘जळीत’ पट्ट्याच्या जवळपास एकही ठिपका नाही, तिथे पानगळ किंवा कापणी असण्याचीच शक्यता अधिक. ठिपका नसणे हा मात्र आग नसल्याचा पुरावा नव्हे, कारण उपग्रहाच्या दोन फेऱ्यांच्या मधे लहान आग पेटून विझू शकते.

उंबरठा ठरवण्याचा भरवशाचा मार्ग जमिनीवरून जातो. जीपीएस घेऊन जळीताच्या कडेने चालायचे आणि ठिकठिकाणी पालापाचोळा, झुडपे, खोडांची साल आणि शेंडे किती जळाले ते नोंदवायचे. त्या नोंदी बाकीच्या आकड्यांशी जुळवल्या की त्या जंगलाचा स्वतःचा उंबरठा हाती येतो. दाट छत्राखालून सरकणारी जमिनीलगतची आग तरीही निसटते. खालचा पाला आणि रोपे पूर्ण जळतात, वरची पाने हिरवी राहतात आणि वरून पाहणाऱ्या उपग्रहाला काहीच घडलेले दिसत नाही. अशा भागात नकाशातील हेक्टर ही किमान संख्या समजावी आणि उरलेले क्षेत्र वनरक्षकांच्या पायी नोंदींवरून त्यात मिळवावे.