तीन मासे चिनी भाषेत मोजताना

‘माझ्याकडे एक पलंग, दोन मांजरं आणि तीन मासे आहेत’ या अर्थाचं साधं इंग्रजी वाक्य मँडरिन चिनीत करायचं आहे. इंग्रजीत आकडा थेट नामाला चिकटतो. चिनीत दोघांच्या मध्ये एक गणनाशब्द यावाच लागतो: ‘वो यौ ई झांग छ्वांग, ल्यांग झी माव हं सान त्याव यू.’ मराठीत मेथीची जुडी म्हणतो, पण मांजरं नुसतीच मोजतो. चिनीत मांजरांनाही ही मोकळीक नाही.

पलंगाला ‘झांग’, कारण त्याचा वरचा भाग सपाट, पसरलेला. कागद, तिकीट, फोटो, टेबल यांनाही हाच शब्द लागतो. ‘झांग’चा जुना अर्थ धनुष्य ताणणं, उघडणं, पसरवणं. म्हणून धनुष्यालाही तोच लागतो आणि उघडणाऱ्या तोंडालाही. नुसता ‘सपाट’ एवढाच नियम पाठ केला, तर ही दोन उदाहरणं कोड्यासारखी वाटतात.

मांजराला ‘झी’ लागतो, तसाच पक्ष्यांना आणि बहुतेक लहान प्राण्यांनाही. मग मासा प्राणी असून त्याला ‘त्याव’ का? इथे जातीपेक्षा आकार महत्त्वाचा ठरतो. ‘त्याव’ म्हणजे मुळात झाडाची बारीक फांदी. साप, नदी, रस्ता, विजार असं सगळं लांबट त्यात येतं. कुत्र्याला दोन्ही चालतात. गाय मात्र ‘थौ’ने, म्हणजे डोक्याने मोजतात आणि घोड्याला त्याचा स्वतःचा ‘फी’ असतो. प्राण्यांच्या बाबतीत एकच नियम शोधत बसण्यापेक्षा नाम शिकतानाच त्याचा गणनाशब्द जोडीने पाठ करावा, हे मला जास्त पटतं.

शब्द अडला की शिकाऊ अनुवादक सगळीकडे ‘ग’ हा सर्वसाधारण गणनाशब्द वापरतात. ‘सान ग यू’ म्हटलं तर अर्थ पोचतो, पण कानाला खटकतं. उलट चूकही होते. ‘मला कुत्रे आवडतात’ किंवा ‘कुत्रा पलंगावर आहे’ यांत आकडा नाही, ‘हा’ किंवा ‘तो’ही नाही, त्यामुळे गणनाशब्दही नको. इंग्रजीतलं ‘द’ दिसलं म्हणून तो घालायचा नसतो. ‘हा कुत्रा’ म्हणायचं असेल, तेव्हा मात्र लागतो: ‘झं झी गौ’. दोनासाठीही मोजताना म्हणतात तो ‘अर’ इथे चालत नाही, ‘ल्यांग’ लागतो. विशेषण येतं ते गणनाशब्दानंतर: तीन मोठे मासे म्हणजे ‘सान त्याव दा यू’.

इंग्रजीत विजारीचीही ‘जोडी’ असते आणि बुटांचीही. चिनीत विजार एकच वस्तू, म्हणून ‘ई त्याव’. बुटांची जोडी ‘ई श्वांग’, पण जोडीतला एकटा बूट ‘ई झी’, म्हणजे मांजराचाच गणनाशब्द. हे जुन्या लिपीत उलगडतं: ‘झी’च्या पारंपरिक चिन्हात हातात धरलेला एक पक्षी आहे, तर ‘श्वांग’च्या चिन्हात दोन.