सात वर्षांची बंदी नेमकी किती वर्षांची?

कर्मचारी निवड आयोगाच्या, म्हणजे एसएससीच्या, कोणत्याही मोठ्या परीक्षेची जाहिरात उघडा. पदं, पात्रता, अभ्यासक्रम, परीक्षा केंद्रं असं सगळं ओलांडून पुढे गेलं की एक तक्ता लागतो. डाव्या बाजूला गैरप्रकार लिहिलेला असतो, उजव्या बाजूला त्यासाठी किती वर्षं परीक्षेला बसता येणार नाही तो आकडा. बहुतेक उमेदवार हे पान वाचत नाहीत. मला मात्र सबंध जाहिरातीतलं हेच पान सर्वांत विलक्षण वाटतं, कारण त्यातले आकडे दिसतात तेवढेच कधीच नसतात.

तक्त्याची सुरुवात दोन वर्षांपासून होते. रफ कामाचा कागद खिशात घालून बाहेर नेला किंवा परवानगीशिवाय परीक्षा सोडून निघून गेलं, तर दोन वर्षं. मोबाइल जवळ सापडला तर तीन वर्षं, आणि तो बंद असला तरीही तीनच. फोनचा वापर झाला की नाही हा प्रश्नच तिथे उद्भवत नाही, तो जवळ असणं एवढंच पुरे. खोटं प्रवेशपत्र किंवा खोटं ओळखपत्र घेऊन आल्यास पाच वर्षं. चिठ्ठीवरून किंवा हातावर लिहून आणलेल्या मजकुरावरून कॉपी केली, ब्लूटूथचं यंत्र सापडलं, आपल्या जागी तोतया बसवला किंवा स्वतः तोतया म्हणून बसलो, तर सात वर्षं.

आता एक काल्पनिक उमेदवार घेऊ. मराठवाड्यातला, खुल्या प्रवर्गातला, वय 22. त्याच्याकडे चिठ्ठी सापडली आणि सात वर्षांची बंदी आली. ती उठेल तेव्हा तो 29 वर्षांचा असेल. दरम्यान परीक्षांच्या वयोमर्यादा मात्र जागेवरच थांबलेल्या असतात. निमलष्करी दलांतल्या शिपाईपदाच्या भरतीची मर्यादा 23 आहे आणि बारावीच्या पातळीवरच्या सीएचएसएलची 27. या दोन्ही वाटा बंदी चालू असतानाच संपून जातात. पदवीच्या पातळीवरच्या सीजीएलमध्ये काही पदांना 27, काहींना 30 आणि कनिष्ठ सांख्यिकी अधिकाऱ्यासारख्या पदाला 32 अशी मर्यादा असते. म्हणजे 29 व्या वर्षी त्याच्यापुढे मोजकीच पदं उरतात, आणि त्यांतल्या सांख्यिकीच्या पदासाठी शिक्षणाची वेगळी अट आहे. आदेशात कुठेही ‘कायमची’ असं लिहिलेलं नसतं, पण शिपाईपदाची स्वप्नं पाहणाऱ्यासाठी ती बंदी कायमचीच ठरते.

हाच आदेश अनुसूचित जातीच्या 22 वर्षांच्या उमेदवाराला मिळाला, तर त्याला वयात पाच वर्षांची सवलत आहे. त्याच्यासाठी सीएचएसएलची मर्यादा 32 होते आणि बंदी उठल्यावरही दोन-तीन वर्षं हातात राहतात. इतर मागासवर्गाला तीन वर्षांची सवलत, त्यामुळे त्या उमेदवाराच्या हाती जेमतेम एखादं वर्ष येतं. चूक तीच, आदेश तोच, आकडाही तोच. शिक्षेची खरी लांबी ठरते ती जन्मतारखेवरून आणि समोरच्या परीक्षेच्या वयोमर्यादेवरून.

हे किती टोकाला जाऊ शकतं ते राष्ट्रीय चाचणी संस्थेच्या, म्हणजे एनटीएच्या, परीक्षांत स्पष्ट दिसतं. त्यांच्या माहितीपुस्तिकेत गैरप्रकारासाठी तीन वर्षांच्या बंदीची तरतूद आहे. एका विद्यार्थ्याला ती बारावीच्या वर्षी जेईई मेनमध्ये लागली असं समजू. आयआयटीचं दार असलेल्या जेईई अॅडव्हान्स्डला सलग दोनच वर्षं बसता येतं, आणि तेही आधी मेनमधून निवड झाली तरच. अॅडव्हान्स्ड परीक्षा एनटीए घेत नाही, त्यामुळे एनटीएच्या आदेशात तिचा उल्लेखही असायचं कारण नाही. तरीही मेन बंद म्हणजे अॅडव्हान्स्ड बंद, आणि तीन वर्षं संपेपर्यंत दोन वर्षांची खिडकी केव्हाच मिटलेली असते. शेजारच्या नीटला मात्र वयाची वरची मर्यादाही नाही आणि किती वेळा बसावं यालाही बंधन नाही. तिथे तीच तीन वर्षं गेल्यावर पुन्हा अर्ज भरता येतो. एकाच आकड्यामुळे एक रस्ता कायमचा संपतो, तर दुसऱ्यावर फक्त उशीर होतो.

एका संस्थेची बंदी दुसऱ्या संस्थेला लागू होते का, हा प्रश्न मुलं सर्वांत जास्त विचारतात. एसएससीचा आदेश एसएससीच्या परीक्षांपुरता असतो. यूपीएससी, रेल्वे भरती मंडळं, बँकांसाठी परीक्षा घेणारी आयबीपीएस, आपली एमपीएससी यांचे नियम स्वतंत्र आहेत आणि तेही एकमेकांशी जुळत नाहीत. तोतयेगिरीला एसएससीत सात वर्षं आहेत. रेल्वेत त्याच गुन्ह्याला सर्व भरती मंडळांच्या परीक्षांतून आणि रेल्वेच्या नोकरीतूनही आयुष्यभराची बंदी आहे. यूपीएससी आपल्या परीक्षांतून ठरावीक काळासाठी किंवा कायमचं बाद करू शकते. शिवाय तिच्या नियमांनुसार केंद्र सरकारही अशा उमेदवाराला आपल्या नोकरीतून वगळू शकतं. नागरी सेवा परीक्षेत उमेदवारी रद्द झाली तरी पूर्वपरीक्षेला बसण्याची संधी मात्र खर्ची पडलेलीच धरतात.

2024 मध्ये सार्वजनिक परीक्षांतल्या गैरप्रकारांविरुद्ध केंद्राचा कायदा आला. त्यात तुरुंगवास आहे, संघटित गुन्ह्याला किमान एक कोटीचा दंड आहे, पण त्याचा रोख पेपर फोडणाऱ्यांवर आणि त्यांच्या टोळ्यांवर आहे. उमेदवाराचं काय करायचं हे अजूनही परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या नियमांवर, म्हणजे त्या तक्त्यावरच, सोपवलेलं आहे.

हे अधिकार मोठे असल्यामुळे न्यायालयांनी त्यांना वेसणही घातली आहे. 1962 साली उत्तर प्रदेशच्या परीक्षा मंडळाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, विद्यार्थ्याचा निकाल रद्द करून त्याला पुढच्या परीक्षेपासून रोखायचं असेल तर आधी त्याचं म्हणणं ऐकलं पाहिजे. कारणे दाखवा नोटीस येते ती यामुळे. त्या नोटिशीला मुदतीत, लेखी, मुद्देसूद उत्तर द्यायला हवं. घाबरून गप्प बसणारी मुलं हातातली एकमेव संधी घालवतात, याचं मला फार वाईट वाटतं. 1970 मध्ये बिहारच्या एका प्रकरणात मात्र सबंध केंद्रावरच सामूहिक कॉपी झाल्याचं दिसत होतं. तिथे केंद्राची परीक्षाच रद्द झाली, आणि प्रत्येकाला वेगळं ऐकण्याची गरज नाही असं न्यायालयाने ठरवलं.

आणि मुदत संपल्यावर? केंद्र सरकारच्या नोकरीत रुजू होताना साक्षांकन नमुना भरावा लागतो. त्यात अटक, खटला, शिक्षा यांच्या रांगेतच दोन प्रश्न असतात: विद्यापीठाने किंवा शिक्षणसंस्थेने तुम्हाला कधी परीक्षेपासून रोखलं होतं का, आणि एखाद्या लोकसेवा आयोगाने किंवा निवड आयोगाने तुमच्यावर कधी बंदी घातली होती का. या प्रश्नांना मुदत नाही. पंधरा वर्षांपूर्वी संपलेली बंदीही इथे लिहावी लागते. खोटी माहिती दिली किंवा खरी दडवली तर उमेदवार अपात्र ठरू शकतो, असा इशारा त्याच नमुन्यावर छापलेला असतो. माहिती दडवण्याच्या अशा प्रकरणांत नियुक्ती अधिकाऱ्याने काय तपासावं हे सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये अवतार सिंग प्रकरणात मांडलं. क्षुल्लक बाब दडवली असेल तर अधिकारी ती सोडूनही देऊ शकतो. ज्याने खरं ते लिहिलं, त्याच्या बाबतीतही पूर्वीची घटना विचारात घेण्याचा अधिकार त्याला असतो, पण निदान खोटेपणाचा नवा ठपका त्या उमेदवारावर बसत नाही.

म्हणून कोणाच्या घरी असा आदेश आलाच, तर तीन गोष्टी लगेच तपासा: बंदी कोणत्या तारखेपासून मोजली आहे, ती कोणत्या संस्थेच्या कोणत्या परीक्षांना लागू आहे, आणि ती संपेल त्या दिवशी उमेदवाराचं वय किती असेल. आदेशाची प्रत जपून ठेवा. साक्षांकन नमुन्यात ‘होय’ लिहिताना पूर्ण तपशील द्यावा लागतो, तेव्हा ती उपयोगी पडेल.