केप्लरचं पिंप आणि चकत्यांचा हिशेब

सन १६१३. ऑस्ट्रियातल्या लिंझ शहरात योहानेस केप्लरचा संसार दुसऱ्यांदा थाटला जात होता. ग्रह सूर्याभोवती लंबवर्तुळात फिरतात हे चार वर्षांपूर्वीच छापून सांगणारा हाच तो खगोलशास्त्रज्ञ. पहिली पत्नी वारलेली, पदरात मुलं, ऑक्टोबरात सुझान्नाशी लग्न झालेलं. त्या वर्षी द्राक्षाचं पीक बक्कळ आलं होतं आणि डॅन्यूब नदीतून पिंपंच्या पिंपं वाइन लिंझच्या धक्क्यावर उतरत होती. नव्या घरासाठी केप्लरनेही काही पिंपं घेतली.

चार दिवसांनी विक्रेता माप घ्यायला आला. त्याच्या हातात एकच खुणा केलेली काठी. आडव्या पिंपाच्या पोटावर मधोमध बूच असतं. ते काढून त्याने काठी आत तिरकी सारली, टोक बाजूच्या झाकणाच्या खालच्या कडेला टेकवलं, बुचापाशी खूण वाचली आणि इतके इतके माप म्हणून सांगून तो पुढच्या पिंपाकडे वळला. पिंप लांबोडकं की आखूड, याची चौकशी नाही. कागदावर आकडेमोड तर नाहीच.

केप्लरला हे खटकलं. लांब, सडपातळ पिंपात आणि आखूड, ढेरपोट्या पिंपात काठी तेवढीच आत जाऊ शकते, मग वाइनही तेवढीच कशी मावेल? या खटक्यातून १६१५ मध्ये लिंझलाच छापलेला त्याचा पिंपांच्या घनफळावरचा लॅटिन ग्रंथ निघाला. आज बारावीनंतर गणित घेणारी मुलं ज्याला चकती पद्धत म्हणून शिकतात, तिच्या वाटेवरचा हा मोठा टप्पा.

पिंपाकडे केप्लरच्या नजरेनं पाहायचं, तर आधी त्याची एकच फळी घ्यावी. फळी मध्ये किंचित बाहेर वाकलेली असते. आता पिंपाच्या दोन्ही झाकणांच्या केंद्रांतून जाणारी एक सरळ रेघ कल्पावी. हा झाला अक्ष. त्या वाकलेल्या फळीची आतली कड या अक्षाभोवती गरकन एक पूर्ण फेरी मारते, तेव्हा तिच्या वाटेत जी जागा वेढली जाते ती म्हणजे पिंपाचं पोट. कुंभाराच्या चाकावरचा माठ, लेथवर कातलेलं लाटणं, भोवरा, पितळी तांब्या हे सगळे याच जातीचे. एक वक्र, एक अक्ष आणि एक फेरी.

अशा वस्तूचा मोठा गुण काकडी चिरताना दिसतो. अक्षाला काटकोनात सुरी चालवली की प्रत्येक चकती गोल निघते. वक्र कितीही वळणाचा असो, काप गोलच येणार. आणि गोलाचं क्षेत्रफळ शाळेपासून पाठ आहे: त्रिज्येचा वर्ग गुणिले पाय. त्याला चकतीच्या जाडीने गुणलं की चकतीचं घनफळ. सगळ्या चकत्यांची बेरीज म्हणजे पिंप. सुरी तिरकी चालवली तर मात्र काप लंबगोल होतात आणि हा सोपा हिशेब हातचा जातो.

एक पिंप प्रत्यक्ष मोजून पाहू. लांबी १०० सेंटिमीटर, मधली त्रिज्या ४० आणि दोन्ही टोकांची ३०. मधून दोन्ही बाजूंना त्रिज्या परवलयाच्या, म्हणजे पॅराबोलाच्या, वळणाने उतरते असं धरलं, तर मध्यापासून x अंतरावरची त्रिज्या अशी मिळते:

y = 40 − x²/250

टोकाशी, x ला ५० दिले की २५०० भागिले २५० म्हणजे १० कमी होतात आणि ३० उरतात. पिंप बरोबर जुळलं.

आता त्याच्या दहा-दहा सेंटिमीटर जाडीच्या दहा चकत्या करू. प्रत्येक चकतीची त्रिज्या तिच्या मध्यावर मोजायची. अर्ध्या पिंपात त्या येतात ३९.९, ३९.१, ३७.५, ३५.१ आणि ३१.९. प्रत्येकीचा वर्ग करून बेरीज घेतली की ६७७६.६९. दुसऱ्या अर्ध्यासाठी दुप्पट, जाडीसाठी दहापट आणि शेवटी पायने गुणलं की सुमारे ४,२५,८०० घन सेंटिमीटर, म्हणजे ४२५.८ लिटर.

हे उत्तर किंचित चुकीचं आहे, कारण खऱ्या पिंपाला अशा पायऱ्या नसतात. चकत्या पातळ करत गेलं की पायऱ्या झिजत जातात. जाडी कितीही कमी केली तरी बेरीज ज्या आकड्याकडे सरकत राहते, तो आकडा शोधायचं यंत्र म्हणजे इंटिग्रेशन, मराठीत संकलन. त्याची भाषा एवढीच:

V = π ∫ y² dx

यातला dx म्हणजे कागदाहून पातळ झालेल्या चकतीची जाडी, y² म्हणजे तिच्या त्रिज्येचा वर्ग, आणि लांबट वळणाचं चिन्ह म्हणजे बेरीज. आपल्या पिंपासाठी ही बेरीज −५० पासून ५० पर्यंत केली की ४२५.२ लिटर येतात. दहा जाड्याभरड्या चकत्यांनी ४२५ लिटरच्या पिंपात जेमतेम अर्ध्या-पाऊण लिटरचा फरक पडू दिला होता. चकती पद्धत अवघड म्हणून बदनाम असली, तरी तिचं अवघडपण शेवटच्या त्या पाऊण लिटरपुरतंच आहे.

चूक होते ती वेगळ्याच ठिकाणी. व्यवहारी माणूस म्हणेल, कशाला एवढा खटाटोप? मधली त्रिज्या ४०, टोकाची ३०, सरासरी ३५. सरळ ३५ त्रिज्येचं नळकांडं धरा. तसं धरलं तर ३८५ लिटर येतात. चाळीस लिटर वाइन गायब! यातली मोठी तूट अशी आली, की फळी मध्याजवळ बराच वेळ जाड राहते आणि टोकाशीच झपाट्याने उतरते, म्हणून खरी सरासरी त्रिज्या ३५ नसून ३६.६७ आहे. पण ती घेतली तरी उत्तर ४२२ वरच थांबतं. उरलेले तीन लिटर वर्गाने खाल्ले. आधी सरासरी आणि मग वर्ग केला, तर तो आधी वर्ग करून मग घेतलेल्या सरासरीपेक्षा लहानच येतो. ३० आणि ४० यांच्यावर पडताळावं: ३५ चा वर्ग १२२५, पण ९०० आणि १६०० यांची सरासरी १२५०. म्हणून सूत्रात वर्ग बेरजेच्या आत बसलेला आहे. तो बाहेर काढला की घनफळ कमी भरतं, जास्त कधीच नाही. उत्तर सतत थोडं कमी येत असेल तर आधी इथे पाहावं.

फळीचं सूत्र हाताशी नसेल तर? पिंपांसाठी केप्लरच्या नावाने एक नियम आजही चालतो: एका टोकाचं क्षेत्रफळ, मधल्याचं चौपट आणि दुसऱ्या टोकाचं, यांची बेरीज करा, लांबीने गुणा, सहाने भागा. आपल्या पिंपासाठी तो ४२९ लिटर देतो. तीन मापांत चार लिटरची चूक, म्हणजे शेकडा एक.

घरातला माठ मोजायला तर फूटपट्टीही आत घालावी लागत नाही. त्याचा अक्ष उभा, त्यामुळे चकत्या आडव्या. दर दोन सेंटिमीटर उंचीवर सुतळी गुंडाळायची, परीघ मोजायचा, त्याचा वर्ग करून १२.५७ ने भागायचं. तेच त्या पातळीवरचं क्षेत्रफळ. पोटाशी परीघ ९४ भरला तर क्षेत्रफळ ७०३ चौरस सेंटिमीटर आणि दोन सेंटिमीटरची ती चकती १.४ लिटरची.

मात्र सुतळी बाहेरून फिरते आणि पाणी आत असतं. माती एक सेंटिमीटर जाड असेल, तर आतला परीघ ६.२८ ने कमी, म्हणजे ८७.७. क्षेत्रफळ उतरतं ६१२ वर. मधल्या ९१ चौरस सेंटिमीटरमध्ये पाणी नाही, माती आहे. परीक्षेत इथेच हमखास घसरगुंडी होते. दोन त्रिज्यांच्या वर्गांची वजाबाकी करायच्या ऐवजी मुलं त्रिज्यांची वजाबाकी करून तिचा वर्ग करतात. म्हणजे एकाचा वर्ग एक, गुणिले पाय, झाले ३.१४. कागदावर फरक एका कंसाचा. माठात ९१ ची जागा ३ ने घेतली.

आणखी एक मेख. खांद्याशी आणि बुडाशी माठाची भिंत तिरकी असते, त्यामुळे तिथे आडव्या रेषेत माती एक सेंटिमीटरहून जास्त लागते. शिवाय भाजताना माठ थोडा चेपला असेल, तर सुतळी फसवते: तेवढ्याच परिघात जास्तीत जास्त जागा गोल वेढतो, चेपलेला आकार कमी. दोन्ही चुका एकाच दिशेच्या आहेत. म्हणून हिशेब लिटरच्या मापाने ओतलेल्या पाण्यापेक्षा जास्त आला, तर दोष बहुधा सूत्राचा नसतो, माठाचा असतो.

राहता राहिला तो काठीवाला विक्रेता. केप्लरने त्याचीही तपासणी केली. सोयीसाठी पिंपाचा फुगा सोडून साधं नळकांडं धरू आणि काठी १०० सेंटिमीटरवर थांबते असं मानू. नळकांडं १८० सेंटिमीटर लांब असेल, तर त्यात २६९ लिटर मावतात. ६० लांबीचं असेल, तर ४२९. काठी तीच. केप्लरची शंका खरी होती.

पण सर्वांत जास्त माल मावतो तो लांबी व्यासाच्या १.४१ पट असताना: लांबी साधारण ११५, आणि भरतात ६०५ लिटर. गंमत पुढे आहे. लांबी १०५ केली तरी ५९७ लिटर आणि १२६ केली तरी ५९७. डोंगरमाथ्यावर जसा थोडा वेळ सपाटीवरून चालल्यासारखं वाटतं, तसं कमाल मापाच्या आसपास आकार थोडा इकडेतिकडे झाला तरी घनफळ जवळजवळ हलत नाही. ऑस्ट्रियातली पिंपं, केप्लरला आढळलं, याच प्रमाणाच्या जवळपास बांधलेली होती. ऱ्हाइनकाठच्या लांबट पिंपांवर ती काठी साफ खोटी ठरली असती. लिंझच्या धक्क्यावर ती बरोबर होती, आणि विक्रेत्याने केप्लरला फसवलं नव्हतं.