संशोधन निधीची वाट : भाग ६
तीस लाखांपुढचा तारा

सातारा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापिकेने नोटीस बोर्डावरच्या संशोधन अनुदानाच्या आवाहनाचा फोटो काढला आणि विभागाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. बोर्डाला काच होती, ट्यूबलाइटचा पट्टा बरोबर मधल्या तक्त्यावर चमकत होता आणि कागदाचा खालचा चार बोटांचा भाग चौकटीबाहेर राहिला होता. तरी मुख्य आकडा स्पष्ट होता: ‘कमाल अनुदान रु. ३०.०० लाख*’. संध्याकाळपर्यंत विभागात ३० लाखांची जुळवाजुळव सुरू झाली. त्या छोट्या ताऱ्याकडे कुणाचेच लक्ष गेले नाही.

या भागात तोच फोटो समोर ठेवून काम करू. आवाहन नमुन्यादाखल घेतले आहे, पण त्यातल्या अटी अशा आवाहनांत नेहमी आढळणाऱ्याच आहेत. तीन-चार पानांच्या सरकारी मजकुरातून चार गोष्टी हाती यायला हव्यात: निधीची मर्यादा, चालणारे आणि न चालणारे खर्च, तारखा, आणि भरायला तयार अंदाजपत्रकाचा तक्ता.

आधी फोटो, मग मजकूर

फोटोवरून मजकूर उतरवताना चूक शब्दांत क्वचितच होते, ती आकड्यांत होते. इंग्रजी छपाईतले तीन आणि आठ, एक आणि सात धूसर फोटोत एकसारखे दिसतात. देवनागरीत १ आणि ९ तसेच. ‘५.०० लाख’ मधले टिंब उडाले की पाच लाखांचे पाचशे लाख होतात. फोनवरचे मजकूर ओळखणारे अॅप दोन स्तंभ असलेला तक्ता आडवा सलग वाचते, त्यामुळे उपकरणांची मर्यादा प्रवासखर्चाच्या नावापुढे जाऊन बसते.

यावर साधा उपाय आहे. प्रत्येक पानाचे दोन फोटो घ्यावेत, एक पूर्ण पानाचा आणि एक फक्त तक्त्याचा. काचेसमोर फ्लॅश बंद ठेवून थोडे बाजूला उभे राहावे. फोटो पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा, कारण साधा फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सअॅप तो दाबून लहान करते आणि बारीक अक्षरे पुसट होतात. उतरवलेला आकडा ताडायला त्याच कागदावर दुसरा पुरावा शोधावा: रक्कम अक्षरांत लिहिलेली असते, किंवा वर्षवार रकमांची बेरीज एकूण रकमेशी जुळायला हवी. दोन्ही जुळत नसतील तर तो आकडा सारांशात लिहू नये, तिथे प्रश्नचिन्ह ठेवावे.

त्याच वेळी आवाहन कोणत्या वर्षाचे आणि कोणाचे आहे, हेही टिपून ठेवावे. सायन्स अँड इंजिनीअरिंग रिसर्च बोर्ड, म्हणजे ‘सर्ब’, ही संस्था २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनमध्ये विलीन झाली. तरी ‘सर्ब’च्या नावाचे जुने आवाहन कुणीतरी पुन्हा पाठवले, तर फोटोवरून ते ताजेच वाटते.

मर्यादा: ‘सह’ की ‘वगळून’

प्राध्यापिका दुसऱ्या दिवशी पुन्हा बोर्डापाशी गेली आणि तिने तळाची ओळ वाचली. ताऱ्याचा खुलासा तिथे होता: ‘संस्थात्मक ओव्हरहेडसह, ओव्हरहेड थेट खर्चाच्या १० टक्के.’

ओव्हरहेड म्हणजे वीज, पाणी, ग्रंथालय, लेखाविभाग यांच्यापोटी महाविद्यालयाला मिळणारी रक्कम. ती मर्यादेच्या आत धरायची की बाहेर, हे योजनेगणिक बदलते. ‘सर्ब’च्या गणितासाठीच्या ‘मॅट्रिक्स’ योजनेत वर्षाला २ लाख रुपये आणि त्याशिवाय २० हजार रुपये ओव्हरहेड, असे तीन वर्षांसाठी ठरलेले होते. तिथे ओव्हरहेड बाहेर होते. युरोपियन रिसर्च कौन्सिलच्या स्टार्टिंग ग्रँटमध्ये पाच वर्षांची मूळ मर्यादा १५ लाख युरो असते आणि थेट खर्चाच्या २५ टक्के इतका अप्रत्यक्ष खर्च त्यातच बसवावा लागतो. मग थेट खर्चाला १२ लाख युरो मिळतात. १५ लाखांतून सरळ २५ टक्के वजा करणाऱ्याला ११ लाख २५ हजारच दिसतात आणि ७५ हजार युरो मागायचे राहून जातात.

साताऱ्याच्या नमुन्यातही हेच गणित आहे. टक्का थेट खर्चावर आहे, एकूण रकमेवर नाही. म्हणून ३० लाखांना १.१ ने भागायचे. थेट खर्चाची कमाल रक्कम येते २७,२७,२७२ रुपये. विभागाने पहिल्या संध्याकाळी केले तसे थेट खर्चच ३० लाखांचा मांडला असता, तर ओव्हरहेड मिळवून एकूण ३३ लाख झाले असते. मर्यादा ओलांडणारे प्रस्ताव पहिल्याच छाननीत बाद होऊ शकतात. तज्ज्ञांपर्यंत ते पोहोचतच नाहीत.

खर्च: तीन रकाने

खर्चाच्या अटी आवाहनात विखुरलेल्या असतात. काही पात्रतेच्या परिच्छेदात, काही तळटिपेत, काही शेवटच्या ‘सर्वसाधारण सूचनां’त. त्या गोळा करून तीन रकान्यांत लिहाव्यात: चालणारे, अटीसह चालणारे, न चालणारे. नमुना आवाहनात एक संशोधन सहायक, रसायने आणि काचसामान, देशांतर्गत प्रवास आणि किरकोळ खर्च पहिल्या रकान्यात येतात. उपकरणे दुसऱ्या रकान्यात, कारण ती एकूण रकमेच्या २५ टक्क्यांपर्यंतच घेता येतात. बांधकाम, फर्निचर, वाहन आणि प्रकल्पप्रमुखाचे वेतन तिसऱ्यात. ज्या खर्चाचा उल्लेखच नाही, उदाहरणार्थ दुसऱ्या प्रयोगशाळेतून करून घ्यायच्या चाचण्या, तो चालणाऱ्यांत ढकलू नये. त्याची वेगळी यादी करून संस्थेला ईमेलने विचारावे आणि आलेले उत्तर जपून ठेवावे.

सहायकाच्या वेतनापुढच्या ‘प्रचलित दराने’ या दोन शब्दांत सर्वांत मोठा खर्च लपलेला असतो. जेआरएफचा दर १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७ हजार रुपये आहे, एसआरएफचा ४२ हजार. त्याआधी जेआरएफ ३१ हजार होते आणि जुन्या प्रस्तावांच्या नकलेतून तोच आकडा अजून फिरतो. त्यावर शहराच्या वर्गानुसार घरभाडे भत्ता मिळवायचा. मुंबई आणि पुणे ‘एक्स’ वर्गात, सातारा ‘झेड’ मध्ये. इथे तो १० टक्के धरला आहे. पहिली दोन वर्षे जेआरएफ आणि तिसऱ्या वर्षी एसआरएफ असा हिशेब केला, तर तीन वर्षांत एका माणसावर १५,३१,२०० रुपये लागतात. थेट खर्चाचा निम्म्याहून जास्त भाग इथेच संपतो.

दुसरी खाच जीएसटीची. सार्वजनिक निधीवर चालणाऱ्या संशोधन संस्थांना वैज्ञानिक उपकरणांवर ५ टक्क्यांची सवलत होती, ती १८ जुलै २०२२ पासून काढून घेतली गेली. प्राध्यापिकेकडे ७ लाखांचे कोटेशन होते. १८ टक्के कर मिळवल्यावर ते ८,२६,००० झाले आणि २५ टक्क्यांची, म्हणजे जास्तीत जास्त साडेसात लाखांची मर्यादा ओलांडली गेली. तिने जोडणीतला एक भाग वगळून ६ लाखांचे कोटेशन मागवले. करासह ते ७,०८,००० झाले.

तारखा उलट्या मोजाव्यात

आवाहनातली शेवटची तारीख म्हणजे पोर्टल बंद होण्याची वेळ. हार्ड कॉपीची तारीख बहुधा वेगळी असते, आणि ती टपालात टाकण्याची आहे की कार्यालयात पोहोचण्याची, हे मूळ वाक्य शब्दशः उतरवून तपासावे. समजा पोर्टल ३१ तारखेला सायंकाळी ५ वाजता बंद होते. मग प्राचार्यांच्या सहीचे शिफारसपत्र २४ तारखेपर्यंत हातात हवे, अंदाजपत्रक लेखाविभागाकडे २० पर्यंत जायला हवे आणि कोटेशन १५ पर्यंत यायला हवीत. माणसांवर किंवा प्राण्यांवर प्रयोग असतील, तर सगळ्यात आधी नैतिकता समितीच्या बैठकीची तारीख पाहावी, कारण ती समिती अर्जदाराच्या सोयीने भरत नाही.

सारांशात मंजुरीनंतरचा काळही यायला हवा. प्रकल्पाची तीन वर्षे मंजुरीपत्रापासून मोजली जातात की पहिला हप्ता खात्यात जमा झाल्यापासून, यावर सहायकाची नेमणूक अवलंबून असते. केंद्राच्या अनुदानात उपयोगिता प्रमाणपत्र जीएफआर १२-ए या नमुन्यात आर्थिक वर्षानुसार द्यावे लागते. प्रकल्पाचे वर्ष ऑक्टोबरमध्ये सुरू झाले, तरी हिशेब ३१ मार्चला तोडावा लागतो.

तक्ता

वरच्या अटींतून तयार झालेले अंदाजपत्रक असे आहे. आकडे पुसले की हाच कोरा नमुना.

| खर्चाचे शीर्ष (रुपये) | वर्ष १ | वर्ष २ | वर्ष ३ | एकूण |
|---|---|---|---|---|
| मनुष्यबळ | ४,८८,४०० | ४,८८,४०० | ५,५४,४०० | १५,३१,२०० |
| उपकरणे, करासह | ७,०८,००० | ० | ० | ७,०८,००० |
| रसायने, काचसामान | १,२०,००० | १,२०,००० | ६०,००० | ३,००,००० |
| प्रवास | ३०,००० | ३०,००० | ३०,००० | ९०,००० |
| किरकोळ | ३०,००० | ३०,००० | ३०,००० | ९०,००० |
| अ) थेट खर्च | १३,७६,४०० | ६,६८,४०० | ६,७४,४०० | २७,१९,२०० |
| ब) ओव्हरहेड, ‘अ’च्या १० टक्के | १,३७,६४० | ६६,८४० | ६७,४४० | २,७१,९२० |
| एकूण (अ + ब) | १५,१४,०४० | ७,३५,२४० | ७,४१,८४० | २९,९१,१२० |

तक्ता पाठवण्याआधी तीन ठिकाणी ताडावा. आडवी आणि उभी बेरीज एकाच आकड्यावर यायला हवी. एकूण रक्कम मर्यादेच्या आत हवी. इथे ८,८८० रुपये खाली आहे. आणि टक्क्यांची अट शेवटच्या एकूण रकमेवर पुन्हा तपासावी, ३० लाखांवर नव्हे: २९,९१,१२० चे २५ टक्के म्हणजे ७,४७,७८०, आणि उपकरणे त्याच्या आत बसतात. कुठल्याही शीर्षात कपात केली की एकूण रक्कम उतरते आणि तिच्यासोबत ही मर्यादाही उतरते. म्हणून ही तपासणी प्रत्येक बदलानंतर करावी लागते.

प्रत्येक ओळीशेजारी आवाहनाचा पान क्रमांक आणि कलम पेन्सिलीने लिहून ठेवावे. लेखाविभागाने ‘हा आकडा कुठून आला’ असे विचारले की फोटो पुन्हा शोधावा लागत नाही.

पुढच्या आठवड्यात या तक्त्यातल्या प्रत्येक ओळीचे समर्थन दोन-तीन वाक्यांत कसे लिहायचे, ते पाहू. तोवर वाचकांनी आपल्या फोनमधले एखादे आवाहन उघडावे, त्यातला तारा शोधावा आणि त्याची तळटीप फोटोत आली आहे का, ते पाहावे.