काट्यावर न दिसलेले सहा किलो

दिवाळीत काकांचं वजन ६२ किलो होतं, चैत्रात ६१. वय ६४, हृदयाची पंप करण्याची ताकद कमी झालेली. किलोभराच्या फरकाकडे कोणी लक्ष दिलं नाही. मग धाप वाढली, पायांवर बोट दाबलं की खड्डा पडू लागला आणि दवाखान्यात भरती करावं लागलं. लघवी वाढवणाऱ्या औषधांनी आठवड्यात सूज उतरली आणि काटा ५६ वर आला. म्हणजे पाच किलो पाणी होतं आणि त्या पाण्याआड सहा किलो शरीर झिजून गेलं होतं.

आहारतज्ज्ञ म्हणून असे रुग्ण माझ्याकडे येतात, तेव्हा घरच्यांना वाटतं की दुखणं फक्त पाण्याचं आहे. पण हृदय थकतं तेव्हा आतड्यांनाही सूज येते. यकृतात रक्त तुंबतं, चार घासांत पोट भरल्यासारखं होतं, आणि शरीरातला दाह स्नायू पोखरत राहतो. सूज नसतानाचं वजन, आपण प्रयत्न न करता, वर्षभरात पाच टक्क्यांहून जास्त घटलं आणि सोबत अशक्तपणा, भूक मंदावणं असलं, तर हृदयविकारातल्या झिजेची शंका घ्यायची. काकांचं वजन सहा महिन्यांतच जवळजवळ दहा टक्के घटलं होतं.

त्यांच्या फाईलमध्ये एकच ओळ होती, ‘मीठ बंद, पथ्य पाळतात’. सूनबाईंशी बोलल्यावर खरं चित्र कळलं. काकांची भाजी-आमटी अगदी अळणी होत होती. ती घशाखाली उतरेना म्हणून ते अर्धी भाकरी लोणच्याशी खायचे, वर भाजलेला पापड. लोणच्यात मीठ मुरलेलं असतं आणि पापडात मिठाशिवाय पापडखाराचंही सोडियम असतं. शिवाय ‘हलकं खा’ म्हणून दोन वेळा पेज. पेजेनं पोट पाण्यानं भरायचं, अंगाला लागायचं थोडंच. सोडियम पोटात जात होतं आणि अन्न मात्र जात नव्हतं.

मग आम्ही हिशेब घातला. चार माणसांच्या घरात किलोभर मीठ महिनाभर पुरत होतं, म्हणजे माणशी दिवसाला आठ ग्रॅमच्या वर. पाच ग्रॅम मिठात साधारण दोन ग्रॅम सोडियम असतं. तेवढ्यावर थांबावं, असं सांगितलं जातं. त्याहून फार खाली उतरल्यानं मृत्यू किंवा भरती टळते, असं २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीतही दिसलं नाही. म्हणून काकांसाठी रोज सकाळी एका डबीत पाऊण सपाट चमचा मीठ काढायचं ठरलं. दिवसभराचं सगळं त्यातूनच. लोणचं, पापड, फरसाण, खारी बंद. चवीला लिंबू, लसणाची फोडणी, मीठ न लावलेलं आमसूल. पोटॅशियमचं ‘कमी सोडियम’ मीठ मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. हृदयाच्या काही औषधांसोबत रक्तातलं पोटॅशियम धोकादायक वाढतं.

पाण्याची मर्यादा प्रत्येकाला लागत नाही. प्रकृती स्थिर असलेल्यांना ती घालून विशेष फायदा होत नाही, तहान मात्र छळते. काकांना सूज होती, म्हणून डॉक्टरांनी दीड लिटर सांगितलं. सकाळी दीड लिटर पाणी मोजून ठेवायचं. चहा, ताक, आमटी घेतली की तेवढंच पाणी त्यातून ओतून टाकायचं. उरेल तेवढं प्यायचं.

पेजेची जागा घट्ट वरण, दही, अंडं, बिनमिठाचे भाजलेले दाणे आणि तुपाचा घास यांनी घेतली, दिवसातून सहा वेळा थोडंथोडं. मूत्रपिंड ठीक असल्यानं रोज साठेक ग्रॅम प्रथिनं हे लक्ष्य ठेवलं.

आता वहीविषयी. तिच्यात रोज चार गोष्टी: लघवी करून आल्यावर, चहाआधी, त्याच कपड्यांतलं वजन, घोट्यांची सूज, दिवसभराचं द्रव, आणि काय खाल्लं, काय ताटात राहिलं, का राहिलं. महिन्यातून एकदा दंडाचा घेर. तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ते पाणीच, लगेच डॉक्टरांना फोन. सूज नाही आणि काटा हळूहळू खाली, दंडही बारीक, तर ती झीज.

‘पथ्य पाळत नाहीत’ हा शेरा वहीत नको. एका पानावर सूनबाईंनी लिहिलं होतं, ‘लग्नाला गेले, जेवण खारट, परत आल्यावर तीन पेले पाणी’. दोन दिवसांनी वजन सव्वा किलो वर. त्या ओळीमुळे डॉक्टरांना औषध वाढवण्याची घाई करावी लागली नाही. चौथ्या दिवशी काटा पूर्वीच्या जागी आला. तीन महिन्यांनी काका ५८ किलोंवर आहेत, घोटे कोरडे आहेत, आणि दंडाचा घेरही वाढला आहे. वाढलेले दोन किलो पाण्याचे नाहीत, हे वही पाहून सांगता येतं.