चारीचे १६८ तास

कालव्याचे आवर्तन सुटले की एका चारीवरच्या शेतकऱ्यांत पाणी तासांनी वाटून देणाऱ्या कागदाला पाळीपत्रक म्हणतात. कोणत्या गटाला कधी पाणी लागेल, कधी मोडायचे आणि पाळीची अदलाबदल कशी करायची, एवढे त्यात असते. महाराष्ट्रात शेजपाळी आणि वारबंदी असे दोन प्रकार ऐकू येतात. शेजपाळीत शेवटच्या शेतापासून वर येत पिकाच्या गरजेप्रमाणे पाणी देतात. वारबंदीत मात्र पीक कोणतेही असो, क्षेत्राच्या हिशोबाने तास ठरतात आणि पाणी वरून खाली जाते. पत्रकाचा खरा कस लागतो तो वारबंदीत.

हिशोब आठवड्याचा, म्हणजे १६८ तासांचा. पण ते सगळे तास शेताला मिळत नाहीत. कोरड्या चारीतून पाणी पुढच्या दारापर्यंत पोचायला वेळ लागतो, तो भरणकाळ. उलट वरचे दार बंद झाल्यावरही चारीत उरलेले पाणी शेवटच्या शेतात उतरत राहते, तो निचराकाळ. समजा, ४० एकरांच्या एका चारीवर एकूण भरणकाळ ४ तास आणि निचराकाळ २ तास आहे. १६८ मधून ४ वजा करून २ मिळवले की १६६ उरतात. ते ४० एकरांत वाटले की एकरी ४ तास ९ मिनिटे येतात. चारीत एक क्युसेक पाणी असेल, तर एका तासात एका एकरावर सुमारे एक इंच पाणी उभे राहते. म्हणजे या पाळीत शेताला चार इंचांच्या आसपास पाणी मिळते.

या चारीवर वरून खाली ८, ६, १०, ७ आणि ९ एकरांची पाच शेते धरू. पहिल्या दोघांना अर्धा-अर्धा तास आणि पुढच्या तिघांना एकेक तास भरणकाळ मिळतो. पाचव्याच्या वाट्यातून निचऱ्याचे दोन तास वजा होतात, कारण ते पाणी त्याला दार बंद झाल्यावर फुकट मिळते. सोमवारी सकाळी सहाला सुरुवात केली, तर पहिल्याचे पाणी मंगळवारी दुपारी ३:४२ ला मोडते, दुसऱ्याचे बुधवारी संध्याकाळी ५:०६ ला, तिसऱ्याचे शुक्रवारी सकाळी ११:३६ ला आणि चौथ्याचे शनिवारी संध्याकाळी ५:३९ ला. पाचव्याची पाळी बरोबर पुढच्या सोमवारी सहाला संपते. पत्रक पाठवण्याआधी ही बेरीज जुळते का, एवढे पाहिले तरी निम्मी भांडणे टळतात.

अदलाबदलीचा नियम मात्र बेरजेइतका सरळ नाही. तास माणसाचे असले, तरी भरणकाळ जागेचा असतो. दुसऱ्या आणि चौथ्या शेतकऱ्याने पाळ्या बदलल्या असे धरा. पहिल्यानंतर पाणी थेट चौथ्या शेतापर्यंत न्यावे लागेल, म्हणजे भरणकाळ अर्ध्या तासाऐवजी अडीच तास. मग पाणी तिसऱ्याकडे परतले की तिसऱ्या-चौथ्या दारांमधले पाणी चौथ्याच्या शेतात उतरते. पुढे पाणी दुसऱ्याकडे गेले की दुसऱ्या-तिसऱ्या दारांमधलेही तसेच तिसऱ्याच्या शेतात उतरते. पाचव्याच्या पाळीला हे दोन्ही तुकडे पुन्हा भरावे लागतात आणि ते दोन तास पाचव्याच्या वाट्यातून जातात. अदलाबदल दोघांनी केली, फटका ज्याला विचारलेही नाही त्याला. पहिल्या-दुसऱ्याने बदलले, तर असा फटका अर्ध्या तासाचाच असतो, तोही तिसऱ्याला.

म्हणून पत्रकात तीन गोष्टी स्पष्ट लिहाव्यात. अदलाबदल शक्यतो लागून असलेल्या शेतांत आणि त्याच आवर्तनात व्हावी. उधारीचे तास पुढच्या पाळीत मागता येऊ नयेत, कारण पुढचे आवर्तन तेवढेच मिळेल याची खात्री नसते. वाढलेला भरणकाळ बदलणाऱ्या दोघांच्या तासांतून वजा व्हावा. आणि बदल निदान एक दिवस आधी पाणी वापर संस्थेच्या सचिवाला व खालच्या सर्वांना कळवावा. बांधावरचा तोंडी शब्द रात्री दोन वाजता कुणालाच आठवत नाही.

कालवा मध्येच बंद पडला, तर ज्याची पाळी बुडाली त्याचे नुकसान त्याचेच, असा वारबंदीचा मूळ दंडक आहे. तो कठोर आहे, पण भरपाई देऊ लागले की पुढचे सगळे वेळापत्रक सरकते.

रात्रीची दारे धरण्याचा प्रश्न उरतोच. १६८ तासांचे चक्र दर वेळी त्याच वारी त्याच तासाला परत येते, त्यामुळे रात्र कायम त्याच शेतकऱ्याच्या वाट्याला येते. पंजाब-हरियाणात यावर सोपा तोडगा आहे: वर्षातून एकदा सगळे पत्रक १२ तासांनी सरकवतात आणि रात्रीच्या जागी दिवस येतो.