उपवासाच्या ताटात कमी पडतं ते काय?

एकादशीच्या संध्याकाळी जिममध्ये हमखास ऐकू येतं, "आज उपवास आहे, अंगात ताकद नाही." पण आपला फराळी उपवास म्हणजे उपाशी राहणं नव्हे. सकाळी खिचडी, दुपारी वेफर्स, मग दोन साबुदाणा वडे, एखादा लाडू आणि मधूनमधून चहा, अशा दिवसाचे उष्मांक बहुतेकदा रोजच्या जेवणाइतके भरतात, कधी त्याहून जास्तच. कमी पडतात ती प्रथिनं.

त्यातला सगळ्यात मोठा गैरसमज साबुदाण्याचा. तो टॅपिओकाच्या कंदाच्या स्टार्चपासून बनतो. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे ३५० किलोकॅलरी असतात, प्रथिनं मात्र अर्धा ग्रॅमसुद्धा नाहीत. हा स्टार्च लवकर पचतो, रक्तातली साखर झपाट्याने चढते आणि तासा-दोन तासांनी अनेकांना सुस्ती येते. तिलाच आपण उपवासाचा अशक्तपणा समजतो. खिचडी सोडायची गरज नाही. साबुदाणा निम्मा करून कूट वाढवावं आणि सोबत वाटीभर दही घ्यावं, म्हणजे साखर सावकाश चढते.

"दाण्यांत भरपूर प्रथिनं आहेत, तेवढं पुरे," असंही म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. शंभर ग्रॅम दाण्यांत २५ ग्रॅम प्रथिनं असतात, पण साडेपाचशेच्या वर किलोकॅलरीही असतात. नुसत्या दाण्यांवर ४० ग्रॅम प्रथिनं मिळवायची तर दीडशे ग्रॅमहून अधिक दाणे खावे लागतील. शिवाय त्यांत लायसीन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असतं. ते दुधा-दह्यात चांगलं असतं, म्हणून दाणे आणि दही एकत्र घेतले की उणीव भरून निघते. उपवासात प्रथिनांचा खरा आधार दूध, दही आणि पनीर यांचाच आहे.

६० किलो वजनाच्या, संध्याकाळी सहाला वजनं उचलणाऱ्या माणसाची एकादशी घेऊ. भारतीय शिफारशीप्रमाणे साधारण प्रौढाला किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ५० ग्रॅम प्रथिनं लागतात. नियमित व्यायाम करणाऱ्याने किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम धरावीत, म्हणजे ७० ते ९५. वर सांगितलेल्या नेहमीच्या फराळात ती जेमतेम वीस-पंचवीस ग्रॅम होतात.

आता हाच दिवस वेगळा मांडू. सकाळी पेलाभर दुधात मूठभर राजगिऱ्याच्या लाह्या, १२ ग्रॅम. दुपारी वरईचा भात, दाण्याची आमटी आणि मोठी वाटी दही, १८ ग्रॅम. साडेचारला उकडलेलं रताळं आणि पेलाभर ताक. यात प्रथिनं तीन-चार ग्रॅमच, पण व्यायामाला लागणारं इंधन रताळ्यातून मिळतं आणि ताकातून पाणी व मीठ. व्यायामानंतर शंभर ग्रॅम पनीर तुपा-जिऱ्यावर परतून, १८ ग्रॅम. रात्री राजगिऱ्याचं एक थालीपीठ आणि अर्ध्या लिटर दुधाच्या दह्याचा चक्का, आणखी १८. बेरीज ७० च्या आसपास जाते, आणि ताटातला एकही पदार्थ उपवासाला परका नाही. दूध सोसत नसेल तर दही, ताक आणि पनीर बहुतेकांना चालतं.

व्हे प्रोटीन दुधापासूनच निघतं, त्यामुळे काही घरांत ते उपवासाला चालतं. मात्र डब्यावरचे घटक वाचावेत. पुष्कळ पावडरींत सोयाचं लेसिथिन असतं, आणि सोया हे कडधान्य आहे.

"एका उपवासाने स्नायू झडतात," ही भीती निराधार आहे. पोटात पिष्टमय पदार्थ जात असतील आणि प्रथिनं एक दिवस कमी पडली, तर कमावलेला स्नायू जात नाही. नवरात्राचं वेगळं. रोज वीस ग्रॅमवर नऊ दिवस काढत कडक व्यायाम केला, तर थकवा साचतो आणि नेहमीचं वजन जड वाटू लागतं. तिथे वरच्यासारखी मांडणी रोज करावी लागते.

संकष्टीला चंद्रोदयापर्यंत काहीच न खाणाऱ्यांनी व्यायाम सकाळीच उरकावा, आदल्या रात्रीच्या जेवणाच्या बळावर, आणि तोही हलका. निर्जळी असेल तर व्यायाम नकोच, कारण घामाने गेलेलं पाणी भरून काढायला वाव नसतो. उठताना डोळ्यांपुढे अंधारी, थंड घाम, हाताला कंप किंवा गडद लघवी दिसली तर वजन खाली ठेवून थांबावं. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांनी उपवासाच्या दिवशीची मात्रा आधीच डॉक्टरांना विचारून ठरवावी, आणि मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी प्रथिनं वाढवण्यापूर्वी.

एक गोष्ट बाजाराची. भगरीचं सुटं, जुनं पीठ घेऊ नये. त्याला बुरशी लागते आणि उपवासांच्या दिवसांत त्यातून विषबाधा झाल्याच्या घटना महाराष्ट्रात घडल्या आहेत. वरई निवडून, धुऊन, लागेल तेवढीच घरी दळावी.